चार्जर ६५ वॉटचा, तरी फोन रडतखडत का भरतो?

तक्रार ठरलेली असते: "चांगला ६५ वॉटचा चार्जर घेतला, तरी फोन भरायला तीन तास लागतात." तिच्या मागोमाग दुसरा प्रश्नही येतोच: "हा फोनच्या कंपनीचा चार्जर नाही, बॅटरीची वाट तर लागणार नाही ना?" दोन्हींचं उत्तर एकाच जागी सापडतं. पिन खुपसल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत फोन आणि चार्जर आपसांत काय ठरवतात, ते एकदा कळलं की दोष चार्जरचा, केबलचा की फोनचा, हे घरबसल्या शोधता येतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. चार्जर फोनमध्ये वीज ढकलत नाही. तो एक ठरावीक व्होल्टेज पुढे करतो, आणि किती करंट ओढायचा ते फोनच्या आतलं चार्जिंग सर्किट ठरवतं. चार्जर ६५ वॉटचा असो की १०० वॉटचा, २५ वॉट घेणारा फोन २५ वॉटच घेणार. त्यामुळे "जास्त वॉटचा चार्जर लावला म्हणून बॅटरी गेली" हे विधान तसं टिकत नाही. जास्त करंटची धास्ती बाळगायचं कारण नाही. चुकीचं व्होल्टेज आलं तर मात्र ते धोक्याचं, आणि म्हणूनच सगळ्या सुरक्षित पद्धतींत सुरुवात ५ व्होल्टनेच होते. त्यापेक्षा जास्त व्होल्टेज फोनने मागितल्याशिवाय चार्जरने द्यायचं नाही, असा नियम आहे.

हे मागणं कोणत्या भाषेत होतं, इथे सगळी गोम आहे. आज सगळ्यात जास्त चालणारी भाषा म्हणजे यूएसबी पॉवर डिलिव्हरी, बोलण्यात नुसतं पीडी. टाइप-सी सॉकेटमध्ये त्यासाठी सीसी नावाची वेगळी पिन असते. चार्जर आपल्याकडच्या पर्यायांची यादी त्या पिनवरून पाठवतो, फोन त्यातला एक निवडतो, चार्जर होकार देतो आणि मगच व्होल्टेज बदलतं. क्वालकॉमचं क्विक चार्ज हे काम जुन्या यूएसबीच्या दोन डेटा तारांवरून करत असे. ओप्पोचं व्हूक, वनप्लसचं वॉर्प आणि त्यांच्या भाऊबंदांची बोली आणखी निराळी; ती त्या कंपन्यांच्या चार्जरला आणि केबललाच कळते. दोन्ही बाजूंची भाषा जुळली नाही तर काही बिघडत नाही, फक्त दोघंही साध्या ५ व्होल्टवर येऊन थांबतात. फोन "चार्जिंग" असं लिहितो, आणि तुम्ही वाट बघत बसता.

माझ्या मेव्हण्याच्या फोनचं अगदी हेच झालं होतं. फोन २५ वॉट घेणारा, बॅटरी ५००० एमएएचची. चार्जर दोन सॉकेटचा आणि अंगावर ठळक ६५. तरी २० टक्क्यांपासून पूर्ण भरायला तीन तासांहून जास्त वेळ. चार्जर बनावट आहे, असं त्याने ठरवूनही टाकलं होतं. चार्जर उलटा करून खालची बारीक अक्षरं वाचली, तर हे लिहिलेलं होतं:

```
USB-C: 5V⎓3A  9V⎓3A  15V⎓3A  20V⎓3.25A
USB-A: 5V⎓2.4A
```

६५ हा आकडा वीस व्होल्ट गुणिले सव्वातीन अँपिअर यातून आला आहे. वीस व्होल्ट लॅपटॉपला लागतात, हा फोन ते मागतच नाही. फोनच्या कामाची ओळ नऊ व्होल्टची. आणि ती फक्त सी सॉकेटवर आहे. मेव्हणा वापरत होता ती केबल जुनी, एका टोकाला चौकोनी यूएसबी-ए आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी. म्हणजे ती लागणार ए सॉकेटमध्ये, जिथे पाच व्होल्टच्या पलीकडे काहीच नाही. शिवाय ए ते सी केबलमधून पीडीची बोलणी होत नाहीत, कारण ए प्लगला सीसीची पिनच नसते. चार्जर कितीही महागाचा घ्या, ही केबल असली की पीडी विसरा.

पण एवढ्याने हिशेब पूर्ण होत नव्हता. पाच व्होल्ट आणि २.४ अँपिअर म्हणजे कागदावर १२ वॉट होतात. बारा वॉटने फोन इतका रेंगाळत नाही. म्हणून यूएसबी टेस्टर लावला. काडेपेटीएवढं हे उपकरण केबलच्या वाटेत बसतं आणि व्होल्टेज व करंट पडद्यावर दाखवतं. फास्ट चार्जिंगच्या तक्रारींत यापेक्षा उपयोगी वस्तू मला माहीत नाही. चार्जरच्या टोकाला लावल्यावर त्यावर ५.०८ व्होल्ट आणि १.२ अँपिअर दिसले. मग योग्य जोडणी वापरून तोच टेस्टर फोनच्या टोकाला लावला. करंट तेवढाच, व्होल्टेज मात्र ४.४९. मधले ०.५९ व्होल्ट केबलने खाल्ले. ०.५९ ला १.२ ने भागलं की केबलचा एकूण रोध निघतो, जवळपास अर्धा ओहम.

अर्धा ओहम ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण इथे तो फार आहे. टाइप-सीच्या नियमांनुसार पूर्ण करंट वाहत असताना जाणाऱ्या तारेत जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट आणि परतीच्या तारेत पाव व्होल्ट एवढीच घट चालते. ३ अँपिअरला हा हिशेब पाव ओहमवर येतो. मेव्हण्याची केबल त्याच्या दुप्पट. यात जादू नाही, फक्त तांब्याची कंजुषी आहे. २८ गेजची बारीक तार मीटरला सुमारे ०.२१ ओहम रोध देते, आणि वीज जाते एका तारेने व परतते दुसरीने, म्हणून मीटरभर केबलचे झाले ०.४३. प्लगमधल्या झिजलेल्या पिनांचं त्यात घाला, अर्धा ओहम झालाच. २४ गेजची, म्हणजे जाड तार वापरली असती तर तेवढ्याच लांबीला ०.१७ लागले असते. बाहेरून पाहिलं तर दोन्ही केबल सारख्याच दिसतात. पातळ तारेवर जाडजूड रबर किंवा विणलेलं कापड चढवणं स्वस्त पडतं, त्यामुळे केबल हाताला जाड लागली म्हणून आत तांबं जाड असेलच असं नाही.

आता १.२ अँपिअरच का, हेही सरळ आहे. फोन करंट हळूहळू वाढवत नेतो आणि आत येणाऱ्या व्होल्टेजवर नजर ठेवतो. ते साडेचार व्होल्टच्या आसपास घसरलं की पुरवठा दमतोय असं समजून तो तिथेच थांबतो. म्हणजे अशा बारीक तारेच्या केबलने फोनला इजा होत नाही, फोनच आखडता हात घेतो. त्याच्या वाट्याला आले ४.४९ गुणिले १.२, साडेपाच वॉटसुद्धा नाहीत. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास मावतात. तीन तासांचं कोडं इथे सुटलं.

उपाय म्हणून त्याच चार्जरच्या सी सॉकेटमध्ये दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली, धड केबल लावली. टेस्टर ५ वरून टुणकन ९ व्होल्टवर गेला, करंट १.६५ अँपिअर. पंधरा वॉट. लॉक स्क्रीनवर "फास्ट चार्जिंग" आलं. २० पासून ८० टक्क्यांपर्यंत जायला आधी अडीच तासांच्या आसपास लागत होते, ते आता तासाभरात व्हायला लागलं. चार्जर तोच. बदलली फक्त केबल आणि सॉकेट.

इथे एक बारकावा. जास्त व्होल्टेज लावण्याचं मुख्य कारण केबलच आहे. तेवढेच वॉट ९ व्होल्टवर नेले तर करंट कमी लागतो, आणि तारेत फुकट जाणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे मध्यम केबलही ९ व्होल्टवर निभावून नेते, ५ व्होल्टवर मात्र तीच उघडी पडते.

मेव्हण्याचं समाधान अर्थातच झालं नाही. फोन २५ वॉटचा, मग १५ वर का अडला? कारण त्या यादीत पीपीएस नाही. बऱ्याच फोनमध्ये, विशेषतः सॅमसंगच्या २५ आणि ४५ वॉटवाल्यांमध्ये, वरचा वेग फक्त पीडीच्या या उपप्रकारावर मिळतो. साध्या पीडीत ५, ९, १५, २० असे ठोकळे असतात. पीपीएसमध्ये फोन चार्जरकडे २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी हवं ते व्होल्टेज मागत राहतो. याचा फायदा असा की फोनच्या आतलं एक सर्किट आलेलं व्होल्टेज बरोबर निम्मं आणि करंट दुप्पट करून थेट बॅटरीकडे देतं. बॅटरी ४ व्होल्टवर असेल तर चार्जरने आठच्या थोडं वर द्यायचं, बॅटरी चढेल तसं तेही चढवायचं. निम्मं करण्याच्या या कामात ऊर्जा फार थोडी वाया जाते. नऊचा ठोकळा आला तर मात्र फोनला स्वतःच सगळं रूपांतर करावं लागतं, त्यात उष्णता जास्त निर्माण होते, म्हणून फोन मुळातच कमी वॉट घेतो. पीपीएस असलेल्या चार्जरच्या अंगावर अशी एखादी ओळ असते:

```
PPS: 3.3–11V⎓3A
```

असा चार्जर लावला की टेस्टरवरचं व्होल्टेज एका जागी न थांबता शेवटच्या आकड्यांत सारखं सरकताना दिसतं, आणि स्क्रीनवर "सुपर फास्ट चार्जिंग" येतं. त्या फोनला मग २० ते ८० चा प्रवास पाऊण तासाच्या आत जमतो. माझं विचाराल तर निव्वळ एवढ्यासाठी नवा चार्जर घेऊ नका. खरी कमाई साडेपाचवरून पंधरा वॉटवर जाण्यात झाली होती. पंधरावरून पंचवीसवर जाऊन वाचतात ती जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. नवा घ्यायचाच असेल तर मात्र पुढच्या बाजूचा मोठा आकडा न बघता मागची पीपीएसची ओळ बघा.

व्हूकच्या घराण्यातल्या फोनवाल्यांनी वेगळी अपेक्षा ठेवावी. तिथे ६५ वॉट म्हणजे १० व्होल्ट आणि ६.५ अँपिअर. साध्या टाइप-सी केबलची मर्यादा ३ अँपिअर आहे, आणि ओळख सांगणारी ई-मार्कर चिप असलेल्या केबलची ५. साडेसहा अँपिअर त्या कंपनीच्या स्वतःच्या केबलवरच मिळणार. बाहेरचा चार्जर लावला की हे फोन पीडीवर येऊन बऱ्यापैकी कमी वेग घेतात. त्यांतल्या काही नव्या फोनना पीपीएस कळतं, तिथे फरक कमी जाणवतो. हा बिघाड नव्हे, त्यामुळे दुरुस्त करायला काही नाही.

टेस्टर नसेल तर अँड्रॉइड फोन स्वतःही थोडंफार सांगतो. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डिबगिंग मिळतं. त्याने फोन वायफायवरून संगणकाला जोडायचा, म्हणजे सॉकेट चार्जरसाठी मोकळं राहतं, आणि संगणकावरच्या adb या साधनातून ही आज्ञा द्यायची:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात `Max charging voltage: 9000000` आणि `Max charging current: 1670000` अशा ओळी आल्या तर त्यांना दहा लाखांनी भागा: ९ व्होल्ट, १.६७ अँपिअर. व्होल्टेजसमोर `5000000` आलं तर बोलणी फसलेली आहेत. `temperature: 341` म्हणजे बॅटरी ३४.१ अंशांवर. काही फोन पहिल्या दोन ओळींत खरा आकडा देत नाहीत, शून्य किंवा एकच ठरीव संख्या दाखवतात. तिथे लॉक स्क्रीनवरच्या शब्दांवरच भागवावं लागतं. चाचणी बॅटरी २० ते ५० टक्के असताना, स्क्रीन बंद ठेवून आणि फोन गार असतानाच घ्या. ऐंशीच्या पुढे प्रत्येक फोन वेग उतरवतो, तापलेला फोनही उतरवतो. अशा वेळी घेतलेला आकडा चार्जरविषयी काहीच सांगत नाही. आणि हे सगळं करण्याआधी बॅटरीच्या सेटिंगमध्ये फास्ट चार्जिंगचं बटण बंद तर नाही ना, तेवढं बघून घ्या. ते बंद असण्याची शक्यता वाटते त्याहून जास्त असते.

आता नुकसानीचा प्रश्न. दुसऱ्या कंपनीचा पण नियमांत बसणारा चार्जर फोनला मूळ चार्जरपेक्षा जास्त त्रास देत नाही. बॅटरी कशी भरायची हे सगळं फोनच्या आतच ठरतं. बॅटरीला खरोखर म्हातारं करते ती उष्णता, आणि त्या हिशेबाने मेव्हण्याचे १५ वॉट २५ वॉटपेक्षा सौम्यच म्हणायचे. खरा धोका आहे तो नियम न पाळणाऱ्या मालाचा, आणि त्याचे प्रकार ओळखता येतात.

पहिला प्रकार चुकीची जोडलेली केबल. ए ते सी केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक असायला हवा. "समोर साधं यूएसबी आहे, बेताने ओढ" हे तो फोनला सांगतो. काही स्वस्त केबलमध्ये त्याजागी १० किलोओहमचा बसवलेला असतो, आणि मग फोन झेपणार नाही तिथूनही ३ अँपिअर ओढू पाहतो. त्यात पोळतो बिचारा जुना चार्जर किंवा संगणकाचा पोर्ट. गुगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग यांनी २०१५ पासून अशा केबल तपासून त्यांचे निष्कर्ष जाहीर केले होते. २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांच्या हाती आलेल्या एका केबलमध्ये चुकीचा रोधक तर होताच, शिवाय वीज आणि ग्राउंड या तारांची अदलाबदल झालेली होती. तिने त्यांचा क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉप आणि तपासणीची उपकरणं दोन्ही निकामी केली. असली उलटी जोडणी फोनचं संरक्षण सर्किटही झेलू शकेल याची खात्री नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये हा रोधकाचा घोळ उद्भवतच नाही, म्हणून मी ए ते सी केबल शक्य तिथे टाळतो.

दुसरा प्रकार चार्जरच्या आतला. भिंतीतली वीज आणि फोनकडे जाणारी बाजू यांच्यात पुरेसं अंतर आणि पक्का विद्युतरोध हवा. बनावट चार्जरमध्ये काटछाट होते ती नेमकी इथे. वॉट किती हा मुद्दाच उरत नाही. हा अंतराय फुटला तर धोका फोनपेक्षा माणसाला जास्त. बाहेरून दिसणारी खूण म्हणजे चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन आपोआप दाबली जाणं किंवा बोटाला धड न जुमानणं, आणि प्लग काढताच सगळं सुरळीत होणं. चार्जरमधून येणारा गोंगाट स्क्रीनच्या मोजमापात मिसळतो म्हणून असं होतं. दोन-तीन वेगवेगळ्या केबलवर तसंच दिसलं तर तो चार्जर वापरायचा थांबवा. फोनच्या धातूच्या कडेला मुंग्या आल्यासारखं लागणं ही मात्र तितकी भरवशाची खूण नाही. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरमध्येही गोंगाट दाबायला बसवलेल्या कपॅसिटरमधून अतिसूक्ष्म प्रवाह येतो आणि तो जाणवू शकतो. झटका म्हणावा इतकं काही लागलं तर मात्र तो चार्जर पुन्हा प्लगमध्ये घालू नका.

तिसरा प्रकार सॉकेटचा, आणि याचा दोष नेहमी चार्जरवर जातो. प्लग फोनमध्ये पूर्ण बसत नसेल, हलवल्यावर चार्जिंग तुटत असेल किंवा प्लगचं टोक चटका बसावा इतकं तापत असेल, तर आत खिशातला कचरा दाबून बसलेला असतो. नीट न टेकलेल्या पिनवर ०.१ ओहम जरी वाढला, तरी ३ अँपिअरला तिथे ०.९ वॉट उष्णता निघते, आणि तीही टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत. फोन बंद करा, लाकडी टूथपिकने कडेकडेने हलक्या हाताने कचरा उकरून काढा. मधल्या पातळ जिभेला टेकू नका आणि धातूची सुई तर अजिबात नको. त्या जिभेवरच्या पिना काळ्या पडलेल्या दिसल्या तर पोर्ट बदलण्यावाचून इलाज नाही. नवा चार्जर आणलात तरी त्याचीही पिन तिथेच तापणार.

मेव्हण्याचा परवा पुन्हा फोन आला. आता म्हणे मधूनच चार्जिंग एक क्षण थांबतं आणि परत सुरू होतं. ए सॉकेटमध्ये त्याने इअरफोन लावले होते. दोन सॉकेटचे चार्जर दुसरं उपकरण लागलं किंवा निघालं की एकूण वॉटची नव्याने वाटणी करतात. त्यासाठी सी सॉकेटची वीज क्षणभर तोडून नवी यादी पाठवतात, आणि ती यादी आधीपेक्षा लहान असू शकते. इअरफोन काढले की वेग पूर्ववत होतो. तसा झाला नाही तर केबल एकदा काढून परत लावायची, बोलणी पहिल्यापासून सुरू होतात.